गाठ विरते, दोरी राहते

"मान धरलीया पोराची, चार दिस तेल लावून वढली की सुटंल." कोल्हापुरात बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींकडून हे हमखास ऐकायला मिळतं. यात मान ताणायची ही कल्पना बरोबर आहे, पण ओढायची हा शब्द घातक आहे. दोन्हींतला फरक कळायला, तान्ह्या बाळाची मान एका बाजूला वाकडी राहते तेव्हा तिच्यात काय झालेलं असतं ते आधी पाहायला हवं.

कानामागच्या हाडापासून निघून उरोस्थी आणि गळपट्टीच्या हाडापर्यंत येणारा एक तिरपा स्नायू मानेच्या दोन्ही बाजूंना असतो. उजवा स्नायू आखडला की डोकं उजव्या खांद्याकडे कलतं आणि हनुवटी डावीकडे वळते. समजा, पायाळू जन्मलेल्या मुलीची मान तिसऱ्या आठवड्यात अशी दिसू लागली आणि उजवीकडे सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली. ही कर्करोगाची गाठ नव्हे. सोनोग्राफीत ती स्नायूच्या आतच दिसते आणि बहुतेक बाळांत 4 ते 8 महिन्यांत विरून जाते.

मग स्नायू आखडतो कशाने? हा स्नायू स्वतःच्या घट्ट पातळ वेष्टनात असतो. गर्भात किंवा बाळंतपणात मान बराच वेळ एका बाजूला दुमडून राहिली, तर स्नायू मुडपतो आणि त्याचा रक्तपुरवठा अडतो. त्याला सूज येते, पण वेष्टन सैल होत नाही, त्यामुळे आतला दाब वाढून रक्त आणखी अडतं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांनी एमआरआय आणि शवविच्छेदन यांच्या आधारे ही मांडणी केली. मेलेल्या तंतूंच्या जागी शरीर कोलॅजन भरतं, म्हणजे जखमेच्या व्रणात असतो तोच चिवट धागा. त्याला आखडता येत नाही आणि लांबताही येत नाही. बाळाची मान वाढत जाते, ही दोरी मात्र तेवढीच राहते. म्हणून गाठ विरली तरी मान वाकडी राहू शकते, आणि "गाठ गेली, आता काळजी नाही" म्हणून व्यायाम थांबवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते.

गाठीत उरलेल्या जिवंत तंतूंवर रोज हलका, थांबून दिलेला ताण पडला की ते टोकांना नवे भाग जोडून लांब होतात. झटक्याने हे होत नाही. गाठ चोळून कोलॅजन वितळतही नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला उताणं झोपवायचं. आईने एका तळव्याने उजवा खांदा खाली धरायचा, दुसऱ्या तळव्यात डोकं घेऊन डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा. मग डोकं सरळ करून हनुवटी उजव्या खांद्याकडे वळवायची. जिथे अडतं तिथे 15 ते 30 सेकंद थांबायचं. प्रत्येक हालचाल 3 ते 5 वेळा, दुपटं बदलताना दिवसातून 4 ते 6 वेळा करायची. खांदा मोकळा सुटला तर तोच वर येतो आणि स्नायूला ताण बसतच नाही. घरी चुकतं ते बहुधा इथेच. बाळ जोर लावून विरोध करू लागलं, चेहऱ्याचा रंग बदलला की लगेच सोडायचं. एरवी खेळणं, आईचा चेहरा, दार हे सगळं तिच्या उजवीकडे येईल असं ठेवायचं आणि जागेपणी पोटावर खेळवायचं. डोकं चपटं होतंय म्हणून मोहरीची उशी देऊ नये. ती आखडलेला स्नायू लांबवत नाही आणि झोपेत श्वासाला धोका असतो.

व्यायामाआधी डॉक्टरांनी मान तपासलेली हवी. स्नायू घट्ट लागत नसेल, कल कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला असेल, किंवा काही महिने सरळ असलेली मान अचानक वाकडी झाली असेल, तर दोष मणक्यात, डोळ्यात किंवा मेंदूत असू शकतो. मणक्यात दोष असताना ताण देणं धोक्याचं आहे. मानेचा स्नायू आखडलेल्या बाळांत खुब्याचा सांधा निखळलेला असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तोही तपासून घ्यावा.

पहिल्या तीन महिन्यांत सुरुवात झाली तर बहुतेक मुलं व्यायामानेच बरी होतात. 6 महिने नियमित व्यायाम करूनही हनुवटी आखडलेल्या बाजूला निरोगी बाजूपेक्षा 15 अंशांहून जास्त फरकाने कमी वळत असेल आणि दोरी हाताला लागत असेल, तर बाळ वर्षाचं होण्याच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. गळपट्टीच्या हाडाच्या थोडं वर, कातडीच्या घडीत छोटा छेद घेऊन स्नायूची खालची दोन्ही टोकं सोडवतात. छेद हाडावरच घेतला तर व्रण जाड उठतो. मोठ्या मुलात कानामागचं टोकही सोडवावं लागू शकतं, तिथे खांदा उचलणारी नस जपावी लागते. त्यानंतरही काही महिने तोच ताणाचा व्यायाम करावा लागतो, कारण कापलेली टोकं भरताना तिथेही कोलॅजनच साचतं.