डोळे आणि चहाचा कप: कुजबुजीच्या खुणा कशा झाल्या

👀 आणि 🍵 ही दोन्ही चिन्हं 2010 साली युनिकोडमध्ये आली, दोघांचीही मुळं जपानी मोबाइल कंपन्यांच्या चित्रसंचांत. वाफाळत्या पेयाचं ☕ त्याआधीच, 2003 मध्ये आलं होतं. युनिकोड चिन्हाला क्रमांक आणि नाव देतं, त्याचा वापर ठरवत नाही. 👀चं नाव नुसतं ‘डोळे’. पण बहुतेक फोनवर त्यातली बुबुळं एका बाजूला वळलेली दिसतात, आणि तिरकी नजर कुठे लागली आहे हे कुणाला समजावावं लागत नाही.

चहाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. चहा पिताना गप्पा रंगतात म्हणून चहा म्हणजे गॉसिप, हे स्पष्टीकरण सगळीकडे मिळतं. पटकन पटतंही, पण मला ते कच्चं वाटतं. ड्रॅग म्हणजे बहुधा पुरुषांनी भडक स्त्रीवेष करून रंगमंचावर उतरणं; अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या बोलीत हा शब्द आधीपासून होता. 1994 साली छापलेल्या, सवाना शहरावरच्या एका पुस्तकात तिथली एक कलाकार ‘माय टी’ म्हणते, आणि तिथे लिहिलंय नुसतं अक्षर: T. अर्थ, माझी खासगी गोष्ट, माझ्या आयुष्यात काय चाललंय ते. हा T ‘ट्रूथ’चा, असं बरेच जण मानतात. कप नंतर आला, उच्चार सारखा असल्यामुळे. 2009 पासून ड्रॅगच्या एका टीव्ही स्पर्धेने ही बोली घराघरांत नेली, आणि पुढे तिला सरसकट ‘तरुणांची इंटरनेटी भाषा’ म्हटलं जाऊ लागलं. ज्यांची बोली होती ते मात्र या वर्णनातून गायब झाले.

2014 मध्ये आणखी एक वळण आलं. एका प्रसिद्ध हिरव्या बेडूक बाहुल्याचा चहा पितानाचा फोटो फिरू लागला. वर कुणाला तरी मारलेला टोमणा आणि शेवटी, ‘पण मला काय त्याचं!’ त्यातूनच 🐸☕ ही जोडी आली. इथे कपाचा अर्थ फिरला. ड्रॅगच्या बोलीत चहा सांडणारा बातमी फोडतो, बेडूक मात्र टोमणा मारून नामानिराळा होतो आणि घुटके घेत बसतो.

समजा, एका जोडप्याने एकमेकांना अनफॉलो केल्याची पोस्ट आली. खाली 👀 टाकणारा म्हणतो, ‘माझ्या नजरेत आलंय, पुढचं सांगा.’ ‘☕ सांड ना’ लिहिणारा तपशील मागतो. 🐸☕ टाकणाऱ्याला आधीच ठाऊक होतं, निदान तसं दाखवायचं असतं. नुसता ☕ असेल तर सांडणारा की पिणारा, हे आगेमागे पाहूनच कळतं. सकाळच्या शुभेच्छांखाली तो फक्त चहा असतो, कधी कॉफीही. ऑफिसच्या चॅटमध्ये 👀चा अर्थ बहुतेकदा एवढाच, ‘बघतोय, काम हातात घेतलंय.’