आयआर स्पेक्ट्रमवरून कीटोन, एस्टर आणि कार्बोक्झिलिक ॲसिड वेगळं ओळखणं

कीटोन, एस्टर आणि कार्बोक्झिलिक ॲसिड या तिघांतही C=O हा कार्बोनिल बाँड असतो, त्यामुळे इन्फ्रारेड म्हणजे आयआर स्पेक्ट्रममध्ये तिघेही १७०० सेंमी⁻¹ च्या आसपास एक जबरदस्त पीक देतात. या पीकवरून कार्बोनिल आहे एवढं कळतं, पण तो तिघांपैकी नेमका कुणाचा हे बहुतेक वेळा त्या एका आकड्यावरून ठरत नाही, ते आजूबाजूच्या पट्ट्यांवरून ठरतं. (पीक म्हणतात खरं, पण नेहमीच्या ट्रान्समिटन्सच्या ग्राफमध्ये ते वरून खाली लोंबतं, पहिल्यांदा बघणारा हमखास गोंधळतो.)

बाँड म्हणजे दोन गोळ्यांमधली स्प्रिंग असं धरलं तर स्प्रिंग जितकी कडक आणि गोळे जितके हलके तितकं कंपन जलद, आणि त्या कंपनाला लागणारा वेव्हनंबर, म्हणजे ग्राफवरचा सेंमी⁻¹ मधला आकडा, तितका वर. C–O सिंगल बाँडची कडकपणाची किंमत साधारण ५०० न्यूटन प्रति मीटर धरली तर हिशोबाने १११० च्या जवळ आकडा येतो, डबल बाँडला १२०० धरली तर १७२० च्या जवळ. अणू तेच, वजन तेच, फक्त स्प्रिंग कडक झाली. म्हणजे कार्बोनिलचं पीक थोडं वर किंवा खाली सरकलं की शेजाऱ्यांनी त्या स्प्रिंगला आवळलं की सैल केलं हे कळतं, या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

साध्या, सरळ साखळीच्या कीटोनमध्ये कार्बोनिलच्या दोन्ही बाजूला कार्बन असतात आणि पीक १७१५ ला येतं. एस्टरमध्ये एका बाजूला ऑक्सिजन येतो, तो दोन कामं एकदम करतो: एकीकडे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो त्याने C=O कडक होतो, दुसरीकडे आपली एकाकी इलेक्ट्रॉन जोडी कार्बोनिलकडे सोडतो त्याने तो सैल होतो. ऑक्सिजनच्या बाबतीत ओढ जिंकते म्हणून एस्टरचं पीक १७३५ ते १७५० ला वर जातं. (अमाइडमध्ये नायट्रोजन असतो, तिथे उलट देणं जिंकतं आणि पीक १६५० ते १६९० मध्ये उतरतं.) आता ॲसिडमध्येही शेजारी ऑक्सिजनच आहे, मग त्याचं पीकही वरच यायला हवं, आणि एकटा रेणू असेल तर येतंही, १७६० च्या आसपास. पण द्रव किंवा घन अवस्थेत ॲसिडचे रेणू एकटे राहत नाहीत, दोन-दोन समोरासमोर येऊन एकमेकांच्या कार्बोनिलला हायड्रोजन बाँडने धरतात, ती जोडी म्हणजे डायमर. त्या पकडीने C=O सैल पडतो आणि पीक १७१० ला येतं.

आणि घोळ इथेच आहे. कीटोन १७१५, ॲसिड १७१०, यात पाच आकड्यांचा फरक म्हणजे काहीच नाही, एका सॅम्पलचं पीक तेवढं इकडेतिकडे होतंच. कोष्टक पाठ करून परीक्षेला बसलेले बरेच जण इथेच फसतात.

ॲसिड ओळखायचं ते त्याच्या O–H वरून, आणि त्यातही त्याच्या आकारावरून. डायमरमधला O–H इतका घट्ट धरलेला असतो आणि त्याची पकड रेणूगणिक इतकी वेगवेगळी असते की पीक टोकदार न येता ३३०० पासून २५०० पर्यंत एक रुंद खड्डा पडतो, C–H ची २९०० च्या आसपासची बारीक टोकं त्याच खड्ड्यावर बसलेली दिसतात, आणि उतरणीवर २६०० ते २७०० च्या दरम्यान लहान उंचवटे असतात. अल्कोहोलचा O–H पण रुंद असतो, पण त्याचा पट्टा ३३५० च्या आसपास खोल होऊन ३१०० च्या आगेमागे संपतो, C–H च्या खाली शिरत नाही. फरक नुसता किती रुंद यात नाही, कुठवर पसरलाय यात आहे. शिवाय ॲसिडमध्ये ९२० ते ९४० ला एक मध्यम, पसरट पट्टा येतो, तो डायमरमधल्या O–H च्या वाकण्याचा. फारसं कुणी त्याकडे बघत नाही, पण शंका असेल तेव्हा फार कामाला येतो.

एस्टरची खूण म्हणजे C–O चे दोन जोरकस पट्टे, १३०० ते १००० च्या मधे. त्यातला कार्बोनिलला चिकटलेला C–O बाँड जास्त जोरात येतो, काही वेळा खुद्द कार्बोनिलइतका. ॲसिटेट एस्टरमध्ये तो १२४० ला येतो, बाकीच्या साध्या एस्टरमध्ये बहुतेक ११६० ते १२१० ला.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. तीन बाटल्या आहेत, लेबल गेलेलं, पण तिन्हींचं रेणुसूत्र C₄H₈O₂ आहे एवढं माहीत आहे. सूत्रावरून असंतृप्ततेचा हिशोब केला तर एक येतो, म्हणजे एक डबल बाँड किंवा एक रिंग. कार्बोनिलचं पीक दिसलं की तो एक संपला, रेणूत दुसरा डबल बाँड नाही, रिंगही नाही, हे मनाशी पक्कं धरायचं.

पहिल्या बाटलीचं पीक १७४३ ला. ३००० च्या वर काही नाही, १२४३ ला तेवढंच जोरकस पीक आणि १०४८ ला आणखी एक. हे एस्टर, आणि १२४३ असल्यामुळे ॲसिटेट, म्हणजे इथाइल ॲसिटेट. याचाच भाऊ मिथाइल प्रोपिओनेट असता तर कार्बोनिल जवळपास तिथेच आला असता पण १२४३ ऐवजी तो मोठा पट्टा १२०० च्या आसपास किंवा खाली दिसला असता, म्हणजे इथे कार्बोनिलचा आकडा काहीच सांगत नाही, C–O चा सांगतो.

दुसरीचं पीक १७१२ ला, आणि ३३०० ते २५०० असा तो रुंद खड्डा, ९४० जवळ पसरट पट्टा. ब्युटॅनोइक ॲसिड. बाटली उघडली की खवट लोण्या-तुपाचा वास नाकात घुसतो आणि मग आयआरची गरजच उरत नाही, पण वास घेऊन सॅम्पल ओळखायची सवय वाईट, लावून घेऊ नये.

तिसरी खरी परीक्षा घेते. पीक १७१५ ला आणि ३४०० च्या आसपास चांगला रुंद O–H. इथे घाईत लिहिलं जातं की कार्बोनिल पण आहे, O–H पण आहे, म्हणजे ॲसिड. पण O–H चा पट्टा ३१०० पर्यंत उरकलाय, C–H ची टोकं मोकळी उभी आहेत, २५०० ते २८०० मधली पाटी कोरी आहे. म्हणजे O–H आहे पण तो कार्बोनिलवरचा नाही, त्याच रेणूत दुसरीकडे बसलेला अल्कोहोलचा आहे. ११०० च्या जवळचा C–O पट्टाही सेकंडरी अल्कोहोलशी जुळतो. हा ॲसिटोइन, लोण्याच्या वासाचा, म्हणजे कीटोन आणि अल्कोहोल एकाच रेणूत. याला अजून खात्री हवी असेल तर सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात थेंब टाकावा, ॲसिड असेल तर बुडबुडे येतात, ॲसिटोइनला येत नाहीत.

आयआरमध्येच खात्री करायची एक छान युक्ती आहे. ॲसिडच्या सॅम्पलमध्ये थोडं ट्रायइथाइल अमाइन घालून पुन्हा स्पेक्ट्रम काढला की ॲसिडचं मीठ बनतं, १७१० चं पीक ढेपाळतं किंवा गायब होतं आणि त्याच्या जागी १५५० ते १६१० ला कार्बोक्झिलेटचा जोरदार पट्टा उगवतो, सोबत १४०० च्या आसपास दुसरा. कीटोन किंवा एस्टरवर अमाइनचा असा काही परिणाम होत नाही.

आता फसवणाऱ्या जागा. सगळ्यात जास्त फसवतो तो बेंझीनचा शेजार. कार्बोनिल बेंझीनला चिकटला की डबल बाँडचे इलेक्ट्रॉन रिंगसोबत विभागले जातात, C=O सैल पडतो आणि पीक साधारण २० ते ३० ने खाली येतं, म्हणून ॲसिटोफिनोन १६८५ ला येतो आणि मिथाइल बेंझोएट १७२५ च्या आसपास, म्हणजे एस्टर असूनही आकड्यावरून कीटोनसारखा. त्यात भर म्हणजे ॲसिटोफिनोनमध्ये १२६५ ला C–C–C चा एक दांडगा पट्टा असतो, तो बघून एस्टरचा C–O समजायची चूक फार होते. सुटका दुसऱ्या पट्ट्याने होते, मिथाइल बेंझोएटमध्ये १२७८ आणि १११२ असे दोन्ही जोरकस असतात, ॲसिटोफिनोनमध्ये तशी जोडी नसते. रिंग लहान असली तर उलटी गंमत: सायक्लोहेक्झानोन १७१५ ला असतो पण सायक्लोपेंटानोन १७४५ ला चढतो, अगदी एस्टरच्या जागी. त्याचा निकालही १३०० ते १००० बघूनच लावायचा.

आणखी एक बारीक गोष्ट. कार्बोनिलच्या दुप्पट आकड्यावर, म्हणजे ३४३० ते ३४६० च्या आसपास, एक बारीक ओव्हरटोन येतो, तो कीटोनमध्ये किंवा एस्टरमध्ये दिसला की O–H वाटतो. खरा O–H रुंद आणि खोल असतो, हा चिमुकला, टोकदार. पाण्याचा प्रकार वेगळा. मिठाच्या प्लेटा किंवा केबीआर म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडची पेलेट वापरत असाल तर पावसाळ्यात कोकणात, मुंबईत हवेतलं पाणी केबीआर शोषतं आणि स्पेक्ट्रममध्ये ३४०० चा रुंद फुगवटा येतो, सोबत १६४० ला छोटं पीक. ते १६४० असलं की O–H सॅम्पलचा नाही, बहुतेक ओलाव्याचा, हे समजायचं, आणि केबीआर ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा पेलेट दाबायची. ओलं सॅम्पल मिठाच्या प्लेटीवर घालूच नये, प्लेट धूसर होते आणि ती परत घासून पॉलिश करायला लागते. सॅम्पल नुसतं एका स्फटिकावर ठेवून मोजायची एटीआर पद्धत आल्यापासून हा ताप बराच कमी झालाय, पण त्यात खालच्या आकड्यांचे पट्टे मोठे आणि वरचे लहान दिसतात, त्यामुळे ॲसिडचा O–H खड्डा अपेक्षेपेक्षा उथळ दिसू शकतो आणि तो नाहीच असं वाटायची भीती असते.

मिश्रण असेल तर मात्र ही पद्धत पुरी पडत नाही. इथाइल ॲसिटेट बनवताना उरलेलं ॲसिड थोडंसंच असेल तर १७४३ च्या उतारावर १७१० चा एक खांदा दिसतो, तोही बघणाऱ्याने बघितला तरच. तेव्हा २५०० ते ३००० मधली बेसलाइन, म्हणजे ग्राफची वरची सपाट रेघ, मोठी करून बघावी, शुद्ध एस्टरचा स्पेक्ट्रम त्याच मशीनवर काढून शेजारी ठेवावा, आणि बेसलाइन खाली झुकलेली दिसली तर बायकार्बोनेटने धुऊन, वाळवून, परत काढावा. धुतल्यावर खांदा गेला तर तो ॲसिडचा होता.