बारा सेकंद म्हणजे किती मीटर?

आरे-वारेचा रस्ता डोंगराच्या खांद्यावर चढतो तिथे एक वळण आहे. तिथून दोन्ही बाजूंचे किनारे दिसतात, म्हणून गाड्या थांबतात आणि शहाळीवालेही थांबतात. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी तिथे स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. खालून माझी भाची आणि तिची मैत्रीण पळत येत होत्या. स्पर्धा वगैरे नव्हती, आपसातली पैज होती. आरेच्या बाजूने निघायचं, डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे सुरूच्या बनात वाळूवर मारलेली रेघ आधी गाठायची. मैत्रीण पुढे होती, भाची मागे.

शहाळीवाले काका हातातला कोयता तसाच धरून वाकून बघत होते. "आता गाठलंन बघा तिला!" ते म्हणाले. खालच्या मोरीपाशी दोघींमध्ये चांगलं चाळीस मीटर अंतर होतं, ते आता जेमतेम सत्तावीस दिसत होतं. काकांची नजर अगदी बरोबर होती. निष्कर्ष मात्र साफ चुकला होता, कारण मैत्रीण एखाद्या जागेवरून गेल्यावर भाचीला तिथे यायला लागलेला वेळ माझं घड्याळ मोरीपाशीही १२ सेकंद म्हणत होतं आणि इथेही १२ च. भाचीने एका सेकंदाचीही कमाई केली नव्हती.

मग तेरा मीटर गेले कुठे?

आधी साधा हिशेब बघू. पळणारे लोक वेग मीटर-सेकंदात सांगत नाहीत, ते पेस सांगतात, म्हणजे एक किलोमीटरला लागलेला वेळ. पाच मिनिटांचा पेस म्हणजे ३०० सेकंदांत १००० मीटर, म्हणजेच सेकंदाला ३.३३ मीटर. दोघींतलं अंतर सेकंदांत माहीत असेल, तर त्याला या आकड्याने गुणलं की मीटर मिळतात:

```
मीटर = सेकंद × 1000 ÷ (पेस, सेकंदांत)
```

मोरीपाशी रस्ता सपाट होता आणि दोघी पाचच्या पेसने पळत होत्या. १२ गुणिले १०००, भागिले ३००, उत्तर ४०. तोंडी करायचं तर पाचच्या पेसला दर तीन सेकंदांना दहा मीटर, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. साडेपाचच्या आसपास असाल तर सेकंदाला तीन मीटर धरा. पळता पळता तिनाचाच पाढा झेपतो, पुढचे नाही.

आता चढ. तो सुरू झाला तसा दोघींचा पेस साडेसातवर आला. हे मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं नव्हतं. आदल्या दिवशी चढावर टेप लावून शंभर मीटरच्या दोन खडूच्या खुणा केल्या होत्या, आणि तेवढं कापायला प्रत्येकीला ४५ सेकंद लागले. शंभराला ४५ म्हणजे किलोमीटरला ४५०, म्हणजे साडेसात मिनिटं. वेग सेकंदाला २.२२ मीटर. बारा सेकंदांना त्याने गुणा: २६.७. काकांना दिसलेले सत्तावीस मीटर हेच.

हे अंतर नेमकं कधी आकसतं, ते पाहण्यासारखं आहे. मैत्रीण चढाच्या पायथ्याशी पोचली आणि तिचा वेग लगेच २.२२ वर उतरला असं धरू. भाची तेव्हा चाळीस मीटर मागे, अजून सपाटीवर, ३.३३ च्या वेगात. ती पायथ्याशी पोचेपर्यंत दर सेकंदाला १.११ मीटर जवळ येत राहणार. पोचायला तिला लागतात बारा सेकंद. बारा गुणिले १.११, म्हणजे १३.३ मीटर. पुढे तिचाही वेग उतरतो आणि अंतर २६.७ वर येऊन थांबतं. तेरा मीटर खाल्ले ते चढाने, भाचीने नाही. हायवेवर पुढेमागे चाललेल्या दोन एसट्या घाट लागला की एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

डोंगरापलीकडच्या उतारावर उलटं होतं. साडेचारच्या पेसला सेकंदाला ३.७ मीटर, म्हणजे तेच बारा सेकंद ताणून ४४ मीटर होतात. पुढची जरा दूर गेली की मागचीचा धीर सुटतो. वास्तविक दोघी जिथल्या तिथेच असतात.

त्या सकाळी उतारावर याहून गमतीचं घडलं. स्कूटरवरून पुढे जाऊन मी उताराच्या पायथ्याशी, अजून रस्ता सपाट व्हायच्या आत, एका विजेच्या खांबाजवळ थांबलो. तिथे घड्याळाने ९ सेकंद दाखवले. भाची उताराला बिनधास्त पाय टाकते, मैत्रीण गुडघे सांभाळून उतरते. तीन सेकंद खरोखर कमी झाले होते. पण मीटर किती? नऊ गुणिले ३.७, साधारण ३३. म्हणजे डोंगरावर सत्तावीस होते ते खाली तेहतीस झाले. मागची पुढचीला गाठत होती आणि दोघींमधले मीटर वाढत होते! नुसतं डोळ्यांनी पाहणाऱ्याने पैज तिथेच सोडून दिली असती.

म्हणून कोण कोणाला गाठतंय हे ठरवायचं असेल तर दोन ठिकाणचे सेकंद ताडून बघा. मीटर हवेत ते आत्ता, या क्षणी किती लांब आहे हे कळायला. आणि ते काढताना पेस कोणाचा घ्यायचा, इथे बहुतेक जण घसरतात.

भाची पळताना स्वतःच मोजते. पुढची एखाद्या खांबापाशी पोचली की मनात मोजायला लागायचं आणि आपण त्या खांबापाशी आलो की थांबायचं. सेकंद मोजणं कठीण वाटलं तर ती पावलं मोजते. तिची पावलं मिनिटाला साधारण १८० पडतात, सेकंदाला तीन, म्हणजे ३६ पावलं झाली की १२ सेकंद. नंतर ती मनगटावरच्या घड्याळात स्वतःचा पेस बघून गुणाकार करते. चूक इथे होते. ती खांबापाशी आली त्या क्षणी पुढची त्या खांबाच्या किती पुढे आहे? गेल्या बारा सेकंदांत पुढची जेवढं पळाली तेवढी. म्हणजे पेस पुढचीचा हवा, आणि तोही खांब सोडल्यानंतरचा.

सपाटीवर याने फारसं बिघडत नाही. एलिउड किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत संपवली, आणि पुढच्याच वर्षी केल्विन किप्टमने शिकागोला २ तास ० मिनिट ३५ सेकंदांत. फरक ३४ सेकंदांचा. दोघे एकाच रस्त्यावर पळालेत अशी कल्पना केली, तर किपचोगेच्या सरासरी वेगाने हा फरक १९७ मीटर येतो, किप्टमच्या वेगाने १९८. एका मीटरसाठी कोण भांडणार? पण आमचा खांब चढाच्या अगदी पायथ्याशी असता, तर भाचीच्या घड्याळात पाचचा पेस आणि उत्तर ४० मीटर आलं असतं. पुढची मात्र ते बारा सेकंद चढावर पळाली, म्हणून खरी २७ मीटरवरच असती. ज्या क्षणी रस्ता बदलतो, त्याच क्षणी हिशेबही सर्वांत जास्त चुकतो.

त्यात जीपीएस घड्याळ आणखी भर घालतं. त्यातला 'आत्ताचा' पेस हा खरं तर मागच्या काही सेकंदांची सरासरी असतो, नाहीतर आकडा सारखा नाचत राहिला असता. त्यामुळे चढ लागला तरी ते थोडा वेळ सपाटीच्याच गोष्टी सांगतं. एका बाजूला डोंगराची कापलेली दरड आणि वर झाडं असली तर आकड्यावर अजूनच भरवसा ठेवता येत नाही. त्यामानाने स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाची चूक किरकोळ. माझं बोट पाव सेकंद इकडेतिकडे झालं तर पाचच्या पेसला एक मीटरही फरक पडत नाही.

सगळ्या शर्यतीची सरासरी घेतली तर काय होतं, ते शंभर मीटरच्या धावेत स्वच्छ दिसतं. बर्लिनला २००९ मध्ये उसेन बोल्टने ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, टायसन गे ९.७१ मध्ये आला. गेची सरासरी सेकंदाला १०.३ मीटर, त्या हिशेबाने ०.१३ सेकंद म्हणजे १.३ मीटर. पण सरासरीत सुरुवातीचे शून्यातून वेग धरण्याचे सेकंदही मिसळलेले असतात. शेवटच्या रेघेपाशी हे लोक सेकंदाला बाराच्या आसपास असतात, म्हणजे खरं अंतर दीड मीटरच्या पुढे.

आता परत आमच्या पैजेकडे. त्या खांबापासून वाळूवरची रेघ दीड किलोमीटरवर होती, रस्ता सपाट. नऊ सेकंद भरून काढायला किलोमीटरमागे सहा सेकंद हवे होते. मैत्रीण पाचच्या पेसवर आली होती, म्हणजे भाचीने ४ मिनिटं ५४ सेकंदांचा पेस धरला तर रेघेवर बरोबरी. इथे मीटर लागतच नाहीत, सेकंदांचा भागाकार पुरतो. मी स्कूटरवरून "सहा-सहा!" असं ओरडत गेलो. तिने ४:५६ पर्यंत मारलं, किलोमीटरमागे चार सेकंद. दीड किलोमीटरला सहा झाले आणि तीन उरले.

मैत्रिणीने रेघ ओलांडली त्या क्षणी तिच्या भावाने मोबाइलवर फोटो काढला. त्यात भाची अगदी पाठीशी दिसते, मोजून साडेसात मीटर. तो फोटो ती घरी सगळ्यांना दाखवत होती. "मामा, बघ ना, नऊ पावलांवर होते मी. डांबरावर असते तर गाठलीच असती."

डांबरावर असती तर तेच तीन सेकंद दहा मीटर दिसले असते. शेवटचा पट्टा कोरड्या, भुसभुशीत वाळूचा होता. पाय रुतत होते आणि तिचा पेस सहा-चाळीसवर गेला होता, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. फोटोच्या क्षणी पुढची रेघेवर होती आणि मागची अजून यायची होती, म्हणून इथे पेस मागचीचा: तीन गुणिले अडीच, साडेसात. मी तिला कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद बाजूला सारला आणि फोटो स्टेटसला ठेवला.