झोपेची गोळी, दारू आणि सवय (आरोग्य शिबिरातील व्याख्यान)

रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायला आलेल्या लोकांसमोर, रांग पुढे सरकत असताना दिले जाणारे दहा-पंधरा मिनिटांचे भाषण. झोपेच्या गोळ्या, दारू आणि त्यांची लागणारी सवय यांविषयी घरोघरी रुजलेले गैरसमज दूर करणे हा त्याचा हेतू असतो. श्रोत्यांत गोळी घेणारे असतात, पिणारे असतात, दोन्ही करणारे असतात आणि या तिघांच्या घरची माणसेही असतात. म्हणून भाषणाचे पहिलेच वाक्य ठरलेले असावे: ‘रोजची गोळी उद्यापासून एकदम बंद करू नका.’ हे शेवटी सांगायचे म्हणून ठेवले, तर तोवर अर्धे लोक उठून गेलेले असतात. मग घरी जाऊन कोणी गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकतो आणि दोन-तीन दिवसांत त्याला आकडी येऊ शकते. अशा वेळी भाषणानेच अपाय केलेला असतो.

झोपेची गोळी म्हणून बहुधा अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम किंवा झोल्पिडेम यांपैकी एखादे औषध दिलेले असते. मेंदूत गाबा नावाचे रसायन पेशींची धावपळ थोपवते, गाडीच्या ब्रेकसारखे. या गोळ्या तो ब्रेक जोराने लावतात. दारूही इतर परिणामांबरोबर तोच ब्रेक दाबते. एवढे श्रोत्यांच्या लक्षात आले, तर पुढचे सगळे त्यातूनच उलगडते. ब्रेक रोज रात्री बाहेरून दाबला गेला की मेंदू हळूहळू स्वतःचा ब्रेक सैल करतो. तेवढ्याच गोळीने पूर्वीसारखी झोप येईनाशी होते आणि गोळी अचानक काढली की गाडी सुसाट सुटते: छातीत धडधड, हाताला थरथर, घाम, आणि गोळी सुरू करण्यापूर्वीपेक्षाही वाईट झोप.

‘डॉक्टरांनी लिहून दिली आहे, मी वाढवलेली नाही, मग सवय कशी लागेल?’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज. मेंदू चिठ्ठी पाहत नाही. ठरलेल्या डोसातही रोज काही आठवडे घेतल्यास शरीर गोळीवर विसंबू लागते. म्हणूनच ही औषधे साधारणपणे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत, असे सांगितले जाते. अशा माणसाला व्यसनी म्हणणे चुकीचे आणि दुखावणारेही आहे. व्यसनात ओढ असते, डोस लपवून वाढवला जातो, नुकसान दिसत असूनही सुटत नाही. शरीर विसंबलेले असणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सत्तर वर्षांच्या आजीलाही होते. तिच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. वयानुसार औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळते, आणि पहाटे लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते.

यातूनच दुसरी चूक होते. दोन रात्री गोळी चुकली, झोप उडाली, म्हणजे ‘माझा निद्रानाश मुळातच मोठा आहे, गोळी जन्मभर लागणार’ असे माणूस ठरवून टाकतो. फरक ओळखण्याची खूण वेळेत आहे. गोळी थांबवताच एक-दोन दिवसांत उसळणारी आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरणारी झोपमोड बहुधा गोळी सुटल्याची असते. मूळ आजार सावकाश परततो आणि रेंगाळतो. क्लोनाझेपाम, डायझेपाम शरीरात बराच काळ राहतात, त्यामुळे त्यांची उसळी काही दिवस उशिरानेही येते.

‘थोडी घेतली की छान झोप लागते’ यातला पहिला भाग खरा आहे, डोळा लवकर लागतो. पण मध्यरात्रीनंतर दारू उतरू लागते, दाबलेला ब्रेक सुटतो आणि दोन-तीनला टक्क जाग येते. त्यात लघवी, कोरडा घसा आणि घोरणे. घशाचे स्नायू ढिले पडल्याने ज्यांचा श्वास झोपेत अडतो, त्यांचा तो अधिक अडतो.

भाषणातला सर्वांत महत्त्वाचा भाग दोन्ही एकत्र घेण्याविषयीचा. ‘पिऊन झाल्यावर तासभर थांबतो, मगच गोळी घेतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. फळ्यावर हिशोब मांडून दाखवावा. १८० मिलीची क्वार्टर, बाटलीवर ४२.८ टक्के. म्हणजे सुमारे ७७ मिली, वजनाने ६१ ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम संपवते. आपण ८ धरू. साडेआठला सुरुवात केली, दहाला बाटली संपली, अकराला गोळी घेतली. अडीच तासांत २० ग्रॅम गेले, ४० अजून अंगात आहेत. ३० मिलीचे चार छोटे पेग तेव्हाच प्यायल्यासारखे. अल्प्राझोलमचा जोर तासा-दोन तासांत शिगेला पोचतो, म्हणजे मध्यरात्री ते एकच्या दरम्यान, आणि दारू पूर्ण जायला पहाटेचे चार वाजतात. या वेळात श्वास मंदावतो, उलटी झाली तर गुंगीमुळे ती श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी ताशी वेग वाढत नाही. हातभट्टीच्या दारूत किती टक्के आहे तेच कळत नसल्याने तिच्यावर हा हिशोब लागूच पडत नाही.

मग गोळी सोडायची कशी? लिहून देणाऱ्या डॉक्टरांबरोबर, टप्प्याटप्प्याने. दर दोन ते चार आठवड्यांनी डोसचा पाच ते दहा टक्के भाग कमी करणे हा सावध वेग मानला जातो. दोन आठवड्यांत पावहिश्श्याहून जास्त कपात करू नये. इथे गोळीचा आकारच आडवा येतो. अल्प्राझोलम ०.५ घेणाऱ्याने ०.२५ची गोळी अर्धी करत कमी केले, तर प्रत्येक पायरी थेट पावहिश्श्याची पडते. म्हणून डॉक्टर कधी कधी जास्त काळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणतात. त्याच्या २ आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी पायऱ्या लहान करता येतात. संथ सुटणाऱ्या, ‘एसआर’ लिहिलेल्या गोळ्या तोडू नयेत. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथेच थांबावे, चिडून सगळे सोडू नये. मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणत राहण्यानेच डॉक्टरांची ही भेट वर्षानुवर्षे लांबते. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही एच-वन या, चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतली औषधे आहेत. दुकानदाराने त्यांची नोंद स्वतंत्र वहीत ठेवायची असते.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली, तर धोका तसाच. सहा ते चोवीस तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत आकडी, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम. दवाखान्यात यासाठी झोपेच्या या गोळ्यांच्याच जातीची औषधे देतात, म्हणून घरचे लोक शेजाऱ्याच्या पट्टीतली गोळी देऊन ‘उतारा’ करू पाहतात. दवाखान्यात मात्र डोस लक्षणे मोजून ठरतो, बरोबर थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व दिले जाते आणि माणूस प्यायलेला नाही याची खात्री केली जाते. घरी यातले काहीच होत नाही.

गोळी आणि दारू एकत्र गेलेली व्यक्ती हलवूनही उठत नसेल, घरघर करत असेल, श्वास थांबून थांबून येत असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर १०८ ला फोन करावा. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ म्हणू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, तोंड जमिनीकडे झुकते ठेवावे, उलटी करवू नये, पाणी पाजू नये आणि एकटे सोडू नये. श्वास थांबलाच, तर छाती दाबायला सुरुवात करावी आणि फोनवरच्या सूचना ऐकाव्यात. गोळीची रिकामी पट्टी आणि बाटली रुग्णाबरोबर गाडीत द्यावी. किती आणि काय गेले, याचा डॉक्टरांना तेवढाच पुरावा असतो.