मध्यम विक्षोभ गृहीतक

एखाद्या अधिवासात वादळ, लाटा, आग, झाडं कोसळणं असे विक्षोभ फार वारंवार किंवा फार क्वचित न होता मधल्या प्रमाणात झाले तर तिथं सगळ्यात जास्त प्रजाती सापडतात, असं हे गृहीतक म्हणतं. विक्षोभ सतत होत राहिला तर लवकर येऊन लवकर वाढणाऱ्या मोजक्या प्रजातीच तगतात, आणि फार काळ झालाच नाही तर स्पर्धेत वरचढ असलेली प्रजाती बाकीच्यांना हुसकावते.

श्रेय बहुतेक वेळा परिसंस्थाशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेलच्या 1978 च्या लेखाला देतात, पण ग्राइमने 1973 मध्ये गवताळ वनस्पतींबद्दल जवळपास हेच मांडलं होतं आणि हॉर्नचं नावही घेतलं जातं. कॉनेलने स्वतःच एगेलिंगने 1947 मध्ये युगांडातल्या बुडोंगो जंगलावर केलेल्या कामाचा आधार घेतलाय, त्यामुळे एकच जनक ठरवण्यापेक्षा कॉनेलने ही कल्पना एकत्र बांधली असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

सगळ्यात सुंदर पुरावा वेन सूझाचा, 1979 चा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले दगड लाटांनी उलटले की खाली गेलेलं शेवाळ मरतं आणि मोकळी जागा तयार होते. छोटे दगड महिन्याला साधारण 42 टक्के हलायचे, मधले 9 टक्के, मोठे 1 टक्का. छोट्यांवर मुख्यतः अल्वा हे हिरवं शेवाळ आणि बार्नॅकल हे दगडाला चिकटून राहणारे कवचधारी जीव, मोठ्यांवर गिगार्टिना या लाल शेवाळाचं राज्य, आणि प्रजाती सर्वाधिक मधल्या दगडांवर. मग हा फरक नुसत्या आकारामुळे तर नाही ना हे बघायला त्याने काही छोटे दगड जागीच पक्के बसवले, तर त्यांच्यावर हलणाऱ्या छोट्या दगडांपेक्षा जास्त प्रजाती आल्या, म्हणजे कारण हलणंच होतं.

बाकी ठिकाणी चित्र इतकं स्वच्छ नाही. मॅकी आणि करी यांनी 2001 मध्ये प्रकाशित अभ्यास तपासले तेव्हा मध्ये उंचवटा असलेला आलेख पाचातल्या एकाहूनही कमी वेळा दिसला. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर हबेल आणि सहकाऱ्यांना (1999) झाड पडून झालेल्या मोकळ्या जागांमध्ये प्रजाती जास्त दिसल्या खऱ्या, पण तिथं रोपंच जास्त होती, तेवढ्याच रोपांमागे मोजल्या तर फायदा उरला नाही. उलट फ्रेंच गयानामध्ये 2001 च्या अभ्यासात असं रोपांमागे मोजूनही मध्यम विक्षोभाकडेच कमाल दिसली.

फॉक्सने 2013 मध्ये गृहीतक टाकूनच द्या असं लिहिलं, त्याचा मुख्य आक्षेप तर्कावर आहे: विक्षोभाने सगळ्यांचीच संख्या घटते, त्यामुळे हरणारी प्रजाती उशिरा हरते एवढंच, टिकत नाही. टिकायला ती दुर्मीळ झाल्यावर तिला काहीतरी फायदा मिळावा लागतो. शील आणि बर्सलेम यांनी त्याला विरोध केला. वरचढ प्रजाती पसरण्यात कच्ची असेल आणि मोकळे तुकडे सतत तयार होत असतील तर दुबळी पण चपळ प्रजाती कायमची तगू शकते, आणि सूझाचे दगड बहुधा याच प्रकारात बसतात.