फ्रान्सचा जन्मदाखला व्हिसासाठी इंग्रजीत करून घेताय? आधी समासात काय लिहिलंय ते बघा

आमच्याकडे फ्रेंच जन्मदाखले येतात ते बहुतेक दोन प्रकारच्या घरांतून, एक म्हणजे नोकरीनिमित्त तिकडे राहिलेली मंडळी, ज्यांचं मूल तिथे जन्मलं, आणि दुसरी म्हणजे ज्यांची सून किंवा जावई फ्रेंच आहे. आता अमेरिकेचा किंवा यूकेचा व्हिसा करायचाय आणि दाखला फ्रेंचमध्ये, म्हणून भाषांतर हवं. फोनवर पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं, "मधला टाइप केलेला मजकूरच करा, बाजूचं हाताने खरडलेलं सोडलं तरी चालेल ना?" तर नाही चालत, आणि का नाही ते या पत्रकात नीट सांगतोय.

फ्रान्समध्ये जन्माची नोंद एकदा झाली की संपली असं नसतं. त्या माणसाचं पुढे लग्न झालं, घटस्फोट झाला, नाव बदललं, वडिलांनी मूल आपलं म्हणून कागदोपत्री मान्य केलं, की जन्माच्या मूळ नोंदीच्या समासात ते लिहिलं जातं. याला तिकडे 'मांस्यों मार्जिनाल' म्हणतात, आपण समासनोंद म्हणूया. म्हणजे आपल्याकडे सातबाऱ्यावर फेरफाराच्या नोंदी चढत जातात तसंच काहीसं, फक्त इथे जमिनीऐवजी माणसाचं आयुष्य. जुन्या रजिस्टरांमध्ये या नोंदी हाताने लिहिलेल्या असतात आणि तुम्ही पूर्ण नक्कल मागवली की अनेकदा त्या पानाची सरळ फोटोकॉपीच येते, अक्षर लागो न लागो.

अमेरिकेचा इमिग्रेशनचा नियम सांगतो की भाषांतर संपूर्ण हवं, आणि ते पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात असं भाषांतरकाराने लिहून सही करून द्यायचं. यूकेलाही पूर्ण भाषांतरच लागतं, सोबत ते अचूक असल्याचं लेखी, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क. आता अधिकाऱ्यासमोर मूळ कागदावर समासात चार ओळी आणि दोन शिक्के दिसतायत आणि इंग्रजीत त्यांचा पत्ताच नाही, तर ते संपूर्ण म्हणायचं कसं?

एक केस सांगतो, नावं गाळून. पुण्यातला मुलगा, बायको फ्रेंच, 1986 साली लियोंमध्ये जन्मलेली. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म नवराच भरत होता. दाखल्याचा मधला भाग टाइप केलेला, तो सोपा. समासात तीन नोंदी, 2008 साली लियोंमध्ये लग्न, 2012 मध्ये कोर्टाच्या निकालाने घटस्फोट, आणि तिसरी 2015 ची, पुण्यात झालेलं लग्न, म्हणजे यांचंच! पुण्यातलं लग्न फ्रेंच वकिलातीमार्फत तिकडे नोंदवलं आणि ते लियोंच्या जन्मनोंदीवर जाऊन बसलं. फॉर्ममध्ये मात्र पहिलं लग्न लिहिलेलंच नव्हतं, लपवायचं वगैरे काही नव्हतं हो, जुनी गोष्ट आहे ती कशाला असं त्यांना वाटलं. आम्ही समास वाचून दाखवला तेव्हा लक्षात आलं की फॉर्मच्या आधीच्या विवाहाच्या रकान्यात हे भरायला हवं, आणि घटस्फोटाचा निकालही मागवून त्याचं भाषांतर लागणार. फॉर्म अजून पाठवला नव्हता म्हणून दुरुस्त करता आला.

त्याच दाखल्यावर दुसरी अडचण, 2008 च्या लग्नाची तारीख 11 ऑक्टोबर की 17? फ्रेंच हस्ताक्षरात एकाला डावीकडून लांब तिरपी रेघ असते त्यामुळे आपल्याला तो सात वाटतो, आणि साताला मध्ये आडवी काट मारतात, पण सगळेच मारतात असं नाही. अशा वेळी आम्ही त्याच हाताने लिहिलेले दुसरे आकडे शोधतो. नोंद केल्याची तारीख खाली होती, 21, त्यातला एक अगदी तसाच तिरप्या रेघेचा. वर कॅलेंडर बघितलं तर 11 ऑक्टोबर 2008 शनिवार, आणि तिकडे टाऊन हॉलमधली लग्नं शनिवारी बरीच असतात. पण हा फक्त अंदाजाला टेकू, पुरावा नाही, म्हणून तिच्याकडून फ्रेंच कुटुंब-पुस्तिकेचं पान मागवलं, 'लिव्रे द फामी' म्हणतात ते, त्यात 11 स्पष्ट होतं. ते पान मिळालं नसतं आणि आकडा लागला नसता तर आम्ही त्या जागी चौकटी कंसात 'वाचता येत नाही' असंच इंग्रजीत लिहिलं असतं. अंदाजाने आकडा ठोकून द्यायचा नाही, यावर आम्ही ठाम आहोत, ग्राहक कितीही म्हणाला "घाला हो अकरा" तरी.

मुख्य मजकुरात तारीख बहुतेक अक्षरी असते, तिथे घोळ वेगळा. ऐंशीला फ्रेंचमध्ये 'चार-वीस' म्हणतात, आपली जुनी माणसं चार विसा म्हणायची ना, तेच, म्हणजे शहाऐंशी म्हणजे चार विसा आणि सहा. आणि सत्त्याहत्तर म्हणजे 'साठ-सतरा', घाईत वाचणारा 60 आणि 17 वेगळं धरून फसतो. इंग्रजीत आम्ही महिना नेहमी अक्षरात लिहितो कारण 04/03 तिकडे चार मार्च असतं पण अमेरिकन माणूस तेच तीन एप्रिल वाचतो.

शिक्क्यांचं काय करतो? कागदावर शिक्का जिथे आहे साधारण तिथेच चौकटी कंसात लिहितो की हा गोल शिक्का आहे, त्यावर अमुक टाऊन हॉल, फ्रेंच रिपब्लिक असा मजकूर आहे. सहीच्या जागी 'सही', आणि खाली नाव वाचता येत असेल तर तेही. छोटी आद्याक्षरं असतील तर आद्याक्षरं. खोडलेले शब्द असले तर जुन्या नोंदीत बाजूला लिहिलेलं असतं की दोन शब्द खोडले, रद्द समजावेत, तेही भाषांतरात येतं, नाहीतर कोणीतरी मागाहून खाडाखोड केली असं वाटू शकतं. आणि समासनोंदींपुढे 'नेआँ' असा एकच शब्द असेल तर तो सोडायचा नाही, त्याचा अर्थ निरंक. जागा कोरी ठेवली तर नोंद नाही की भाषांतरच केलं नाही हे समोरच्याला कळणार कसं?

कोर्टाचं नाव मात्र आम्ही बदलत नाही. 2012 च्या निकालावर 'त्रिब्युनाल द ग्रांद ऐंस्तांस' असेल तर तेच ठेवून पुढे अर्थ देतो, 2020 पासून त्या कोर्टाचं नाव वेगळं झालंय म्हणून जुन्या निकालावर नवं नाव चिकटवायचं नाही.

आमच्याकडे पाठवताना पूर्ण नक्कल पाठवा, त्यांच्या भाषेत 'कोपी ऐंतेग्राल', शक्यतो नवीन काढलेली. जन्माच्या गावच्या टाऊन हॉलकडून ती फुकट मिळते, आणि माणूस फ्रेंच नागरिक असून जन्म फ्रान्सबाहेरचा असेल तर नांतच्या केंद्रीय कार्यालयाकडून. 2010 साली काढलेल्या नकलेवर 2015 चं लग्न दिसणारच नाही ना. आई-वडिलांची नावं नसलेला छोटा उतारा पाठवू नका. स्कॅन रंगीत, 300 डीपीआय, चारही कडा दिसतील असा आणि मागची बाजूसुद्धा, कारण मोबाईलच्या फोटोत कडा कापली की पहिला समासच जातो. कागदावर उठावाचा शिक्का बोटाला लागत असेल तर एक फोटो बाजूने तिरका प्रकाश टाकून काढा, सरळ फोटोत तो दिसतच नाही आणि मग आमच्या भाषांतरात तो येणार कुठून.

नोटरी करायची का असंही बरेच जण विचारतात. अमेरिकेच्या इमिग्रेशनच्या त्या नियमात नोटरी मागितलेली नाही, भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र मागितलंय, आणि ते आम्ही भाषांतरासोबत त्याच दिवशीच्या तारखेने जोडून देतो.