कॅल्क्युलस कच्चं असेल तरी ग्रेडियंट डिसेंटची स्लाइड कशी वाचावी
(दादरच्या आमच्या शिकवणीत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी)

एम-वन, एम-टू कसंबसं सुटलं आणि आता मशीन लर्निंगच्या स्लाइडवर उलटा त्रिकोण आणि वाकडा डी दिसतोय, अशी मुलं आमच्याकडे दर सत्रात येतात. बहुतेक स्लाइडवर डोंगर उतरणाऱ्या माणसाचं चित्र असतं. आम्ही ते बाजूला ठेवतो, कारण त्या चित्रावरून पेपरात एकही आकडा काढता येत नाही. त्याऐवजी कॅल्क्युलेटर घ्या.

समजा, घराच्या आकारावरून भाडं सांगायचं आहे. २५० चौरस फूट म्हणजे १ एकक, आणि भाडं दहा हजारांत मोजू. दोन घरं माहीत आहेत: आकार १, भाडं ३ आणि आकार २, भाडं ५. आपलं मॉडेल एवढंच, की आकाराला एका आकड्याने गुणायचं. त्या आकड्याला w म्हणू.

सुरुवातीला w = 0 धरा. अंदाज दोन्ही घरांसाठी शून्य, म्हणून चूक ३ आणि ५. वर्ग ९ आणि २५, सरासरी १७. हाच लॉस. आता w किंचित हलवा, ०.०१ करा. चुका २.९९ आणि ४.९८ होतात, लॉस १६.८७. म्हणजे w ०.०१ ने वाढवल्यावर लॉस ०.१३ ने घटला. लॉसमधला बदल भागिले हालचाल: −१३. स्लाइडवरचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजेच स्लोप, ते हेच. कॅल्क्युलसने काढलं तर सूत्र 5w − 13 येतं, आणि w शून्य असताना त्याची किंमत बरोबर −१३. सूत्र पाठ नसेल तर असं हलवून पाहा, उत्तर जवळपास तेच येईल. (परीक्षेत मात्र सूत्रच मागतात, ते आम्ही वेगळं करून घेतो.)

स्लोप ऋण आहे, म्हणजे w वाढवल्याने लॉस घटतो. म्हणून ग्रेडियंट डिसेंटच्या नियमात वजाचं चिन्ह आहे: स्लोपच्या उलट दिशेने सरकायचं. किती सरकायचं ते लर्निंग रेट ठरवतो. तो ०.१ धरला तर w ० वरून १.३ होतो, मग १.९५, मग २.२७५. स्लोप दर वेळी निम्मा होतो, त्यामुळे पावलंही आपोआप लहान होतात आणि w २.६ कडे जातो. तिथे लॉस ०.१ असतो, त्याच्या खाली या मॉडेलला जाता येत नाही.

```python
w = 0
for i in range(10):
    w = w - 0.1 * (5*w - 13)
    print(w)
```

यात 0.1 च्या जागी 0.4 टाका: w ० आणि ५.२ यांच्यात नुसता झोके घेत राहतो. 0.5 टाकलं तर ६.५, −३.२५ असा भरकटत दूरच जातो. आपला लॉस दर फेरीला वाढताना दिसला, तर आधी लर्निंग रेट कमी करून बघा. आमच्याकडे येणाऱ्या प्रोजेक्टमध्ये बहुतेकदा गडबड तिथेच असते.

आता ओव्हरफिटिंग. वरच्या मॉडेलमध्ये आणखी एक आकडा घालू: भाडं = w गुणिले आकार, अधिक b. दोन घरं, दोन आकडे. ग्रेडियंट डिसेंट w = 2, b = 1 या जोडीकडे जातो आणि लॉस शून्याला टेकतो. वाटतं, काम फत्ते. मग तिसरं घर येतं: आकार ३, भाडं ८. नवं मॉडेल ७ सांगतं, चूक १. जुनं साधं मॉडेल २.६ गुणिले ३ करून ७.८ सांगतं, चूक फक्त ०.२. शून्य लॉसवालंच मॉडेल जास्त चुकलं.

यात ग्रेडियंट डिसेंटचा दोष नाही, हा मुद्दा बऱ्याच स्लाइडवर येतच नाही. त्याला दिलेल्या घरांवरचा लॉस कमी करायला सांगितलं, तो त्याने केला. न पाहिलेली घरं त्याच्या हिशेबातच नव्हती. आणि जेवढी घरं तेवढेच मोकळे आकडे दिले, की मॉडेल त्या घरांतले योगायोगही आत घेतं. हेच ओव्हरफिटिंग. तिसरं घर आम्ही मुद्दाम असं निवडलंय, हेही खरं. ते ७ भाड्याचं असतं तर निकाल उलटा लागला असता. म्हणून एका घरावर निवाडा करू नये. डेटाचा एक भाग, बऱ्याचदा पाचवा हिस्सा, आधीच बाजूला काढतात. त्याला व्हॅलिडेशन सेट म्हणतात आणि तो w ठरवताना वापरायचा नसतो.

मग प्रत्येक फेरीनंतर शिकायला दिलेल्या घरांवरचा ट्रेनिंग लॉस आणि व्हॅलिडेशन सेटवरचा लॉस एकाच आलेखावर काढा. ट्रेनिंगची रेघ खाली जातच राहते. व्हॅलिडेशनची रेघ काही काळ तिच्याबरोबर उतरते आणि मग वर वळू लागते. ती वळली की मॉडेल ओव्हरफिट होतंय. अशा वेळी जिथे ती सर्वांत खाली होती तिथला w घ्यावा, किंवा मोकळे आकडे कमी करावेत, किंवा जास्त घरं गोळा करावीत. दोन्ही रेघा वरच अडकल्या असतील तर दुखणं वेगळं आहे: मॉडेल फार साधं आहे किंवा शिकणं अर्धवट राहिलंय.

पहिल्या तासाला येताना तुमच्या कॉलेजच्या स्लाइडची प्रिंट, साधा कॅल्क्युलेटर आणि आलेखाचे दोन कागद आणा. लॅपटॉप दुसऱ्या तासापासून लागेल.